पिन चुकून कुणाकडे जात नाही

ताई, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येत्या बुधवारी आमच्या कॉलेजात सायबर जागरूकता दिवस आहे आणि ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा’ यावर मला 5 मिनिटं बोलायचंय. नेटवरून एक भाषण उतरवून घेतलं, ते ‘आजच्या डिजिटल युगात’ असं सुरू होतं. मैत्रिणीला वाचून दाखवलं तर ती मधेच रील बघायला लागली. पोरं म्हणतात, आमच्या मोबाइलात चोरण्यासारखं आहेच काय? आणि खरं सांगते, ओटीपी येतोच, मग हे वेगळं काय, ते मलाच नीट कळलेलं नाही. आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर आहेत. शिष्यवृत्तीचा ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर येतो, मी फोन करून विचारते, ते वाचून दाखवतात. ओटीपीचा माझा अनुभव एवढाच. काय बोलू?
— एक विद्यार्थिनी, गेवराई, जि. बीड

पोरी, ते उतरवलेलं भाषण बाजूला ठेव. तुझ्या पत्राच्या शेवटच्या चार ओळींत त्याहून चांगलं भाषण आहे. वडील कोड वाचून दाखवतात, ही गोष्ट तू सहज लिहून गेलीस. तुझ्या वर्गातल्या निम्म्या घरांत तेच होत असणार. त्याच्याकडे मी शेवटी येते.

आधी विषय लहान कर. जीमेल, इन्स्टाग्राम, बँक, व्हॉट्सअ‍ॅप असं सगळं 5 मिनिटांत सांगायला गेलीस, तर पोरांच्या हाती काहीच लागणार नाही. फक्त व्हॉट्सअ‍ॅप घे. ते प्रत्येकाच्या खिशात आहे, पिन लावायला 2 मिनिटं पुरतात आणि सभागृहात बसल्या बसल्या लावता येतो. तुझ्या बोलण्यानंतर किती जणांनी खरोखर पिन लावला, एवढंच मोजायचं.

सुरुवात एका घटनेने कर. माझ्या ओळखीतल्या एका मुलाची सांगते. नाव नको, पण घडलेलं सांगायला त्याची हरकत नाही. तो लातूरला होस्टेलवर राहून शिकत होता. रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास शाळेतल्या एका जुन्या मित्राचा मेसेज आला, “काय करायलास?” याने उत्तर दिलं. मग पुढचा मेसेज, “अरे, माझ्याकडून चुकून तुझ्या नंबरवर एक 6 आकडी कोड गेलाय, तेवढा पाठव ना, अर्जंट आहे.” त्याच क्षणी वर पट्टीत एसएमएस झळकला, त्यात कोड होताच. मित्र म्हणतोय तसंच झालेलं दिसलं, म्हणून याने सहा आकडे टाइप केले आणि पाठवून दिले. पूर्ण एसएमएस उघडून पाहिला असता, तर हा कोड व्हॉट्सअ‍ॅपचा आहे, कुणाला देऊ नका, असं इंग्रजीत लिहिलेलं दिसलं असतं. पण वरच्या पट्टीतून आकडे तेवढे वाचायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे.

मिनिटभरात त्याच्या मोबाइलवरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं. हा नंबर आता दुसऱ्या फोनवर नोंदवला गेला आहे, अशा अर्थाची सूचना आली. त्याला वाटलं रेंजचा घोळ असेल. तो मेसला जेवायला गेला. तेवढ्यात त्याच्या नावाने, त्याच्याच फोटोसकट, गावच्या ग्रुपवर, मावसभावांच्या ग्रुपवर आणि क्लासच्या ग्रुपवर मेसेज गेले: “दवाखान्यात आहे, गुगल पे चालत नाही, या नंबरवर 8,000 टाका, सकाळी देतो.” परभणीच्या मामांनी पैसे पाठवले. फोन करून विचारावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण भाचा दवाखान्यात आहे म्हटल्यावर माणूस आधी पैसे पाठवतो, मग फोन करतो.

‘आमच्या मोबाइलात चोरण्यासारखं काय आहे’ म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर बास. त्या मुलाच्या खात्यात त्या दिवशी 300 रुपयेही नव्हते. चोराला त्याचे पैसे नकोच होते. त्याच्या नावावर लोकांचा जो विश्वास आहे, तो वापरायचा होता. पैसे मामांचे गेले.

ज्या मित्राचा मेसेज आला होता, तो मित्र नव्हताच. त्याचं खातं याच पद्धतीने आदल्या दिवशी गेलं होतं. म्हणून हा प्रकार वर्गात शिरला की एकाकडून दुसऱ्याकडे जातो, खरजेसारखा. प्रत्येकाला मेसेज ओळखीच्या माणसाकडूनच येतो.

आता तुझा मूळ प्रश्न: ओटीपी येतोच, मग हे वेगळं काय? हे तू स्वतः नीट समजून घे, म्हणजे पाठांतर लागणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर चालू करायचं असेल तर नंबर टाकावा लागतो, मग त्या नंबरवर 6 आकडी कोड येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या दृष्टीने तो कोड म्हणजे ‘हा नंबर या माणसाच्या हातात आहे’ याचा पुरावा. एकच पुरावा, एकच पायरी. चोराने काय केलं? स्वतःच्या फोनवर त्या मुलाचा नंबर टाकला. कोड गेला मुलाच्या फोनवर. चोराला फक्त तो कोड तिथून इकडे आणायचा होता, आणि त्यासाठी एक खोटं पुरलं: “चुकून तुझ्याकडे गेला.”

टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं की त्या कोडनंतर व्हॉट्सअ‍ॅप आणखी एक पिन मागतं. हाही 6 आकडी असतो, पण तू स्वतः ठरवलेला. तो एसएमएसने येत नाही, फोनवर झळकत नाही, कुठून कुठे जातच नाही. तो तुझ्या डोक्यात असतो. म्हणून ‘चुकून तुझ्याकडे गेला’ हे खोटं पिनच्या बाबतीत बोलताच येत नाही. चुकून गेलेला कोड पाठव म्हटलं तर भाबडा माणूस पाठवतो, पण ‘तू ठरवलेला पिन चुकून तुझ्याकडे गेलाय’ असं कोण म्हणेल आणि कोण ऐकेल? माझ्या मते सगळ्या भाषणाचं मर्म इथे आहे. बाकी काही विसरलीस तरी चालेल, हे सांगायला विसरू नकोस.

पटकन पटावं म्हणून एटीएमचं उदाहरण दे. नुसतं कार्ड सापडलं तर पैसे निघत नाहीत आणि नुसता पिन कळूनही निघत नाहीत. दोन्ही एकाच माणसाच्या हाती लागावे लागतात. एसएमएसचा कोड म्हणजे कार्ड. ते हातातून निसटू शकतं. पिन निसटत नाही, तो स्वतःहून सांगावा लागतो.

सभागृहात एक पोरगं नक्की म्हणेल, “माझ्या व्हॉट्सअ‍ॅपला फिंगरप्रिंट लॉक आहे, मला गरज नाही.” हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो, त्याला थोडा वेळ दे. फिंगरप्रिंट लॉक तुझ्या हातातल्या फोनचं राखण करतं. रूममेटने फोन उचलला तर त्याला तुझे मेसेज दिसू नयेत, एवढंच त्याचं काम. चोर तुझ्या फोनला हातही लावत नाही. तो कुठल्यातरी दुसऱ्या गावात बसून त्याच्या फोनवर तुझा नंबर टाकतो. तुझं बोट तिथे कुणी मागत नाही. घराच्या दाराला कुलूप आहे म्हणून सातबारावर दुसऱ्याचं नाव चढायचं थांबत नाही, तसं.

आता प्रत्यक्ष पिन लावणं. बोलताना मधेच थांब आणि सगळ्यांना फोन बाहेर काढायला सांग. कॉलेजात फोनला बंदी असेल तर प्राचार्यांची परवानगी आधीच घे, ऐनवेळी अडचण नको. सभागृहात रेंज येते का तेही आदल्या दिवशी पाहून ठेव, पिन लावताना नेट लागतं. स्वतःचा फोन प्रोजेक्टरवर दाखवू नकोस. बोटं कुठल्या आकड्यांवर पडतात ते सगळ्या हॉलला दिसेल. फळ्यावर एवढंच लिही:

```
Settings > Account > Two-step verification > Turn on
```

अँड्रॉइडवर `Settings` उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत सापडतं. काही फोनवर `Turn on` ऐवजी `Set up PIN` दिसेल, गोष्ट तीच. मग 6 आकडे टाकायचे, तेच पुन्हा टाकायचे आणि त्यानंतर ईमेल विचारला जाईल. पोरं इथेच घाई करतात. घाईत वगळतात, नाहीतर कुठला तरी मेल टाकून मोकळे होतात. म्हणून इथे थांबून बोल.

ईमेल कशासाठी? पिन विसरलात तर त्या मेलवरून तो नव्याने लावता येतो. मेल दिलेला नसेल आणि पिन आठवत नसेल, तर व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा नोंदवताना 7 दिवस थांबावं लागतं. आता आपल्याकडची खरी अडचण ऐक. मी कॉलेजात संगणक शिकवायचे तेव्हा दर वर्षी पहिल्या तासाला विचारायचे, “तुमचा जीमेल कुणी काढून दिला?” बरीच मुलं म्हणायची, अकरावीचा फॉर्म भरताना सेतूवाल्या दादाने. पासवर्ड त्यानेच ठरवलेला. फॉर्मच्या मागे पेनाने लिहिलेला असायचा, किंवा मुलाचं नाव आणि पुढे 123. परत मिळवण्यासाठीचा नंबर त्या दादाचाच. दादा चांगला माणूस असेल, त्याने घाईत शंभर मुलांची सोय केली असेल. पण तो मेल तुझा नाही. असा मेल पिनच्या मागे लावला, तर नव्या कुलपाची दुसरी किल्ली सेतू केंद्रात टांगली असं होतं.

म्हणून पोरांना सांग, आधी स्वतःच्या फोनवर तो मेल उघडतोय का बघा. उघडत असेल तर पासवर्ड बदला, परत मिळवण्याच्या जागी स्वतःचा नंबर टाका आणि मग तो मेल द्या. उघडत नसेल तर आज मेलशिवाय पिन लावा आणि मेल पुढे जोडा. मेल नाही म्हणून पिन लावायचं लांबवू नका.

पिन कोणता ठेवायचा यावर फार बोलू नकोस. जन्मतारीख नको, 123456 नको, मोबाइलचे शेवटचे सहा आकडे नकोत. एक मात्र बजावून सांग: यूपीआयचा पिन इथे वापरायचा नाही. अनेकांचा यूपीआय पिनही 6 आकडी असतो, हात आपोआप तिकडेच वळतो. मग व्हॉट्सअ‍ॅपचा पिन बघणाऱ्याला बँकेचाही कळतो. पिन कागदावर लिहायला हरकत नाही. मार्कशीटच्या फाइलमध्ये आत तो कागद ठेवला तर लातुरातला किंवा दिल्लीतला चोर तिथवर पोचत नाही. फोनच्या कव्हरमागे मात्र नको.

पिन लावल्यावर आठ-पंधरा दिवसांत काही पोरं वैतागतील. व्हॉट्सअ‍ॅप अधूनमधून स्वतःहून पिन विचारतं. तो आठवणीत राहावा म्हणून विचारतं, दुसरं काही कारण नाही. पण “सारखं सारखं विचारतंय” म्हणून पुष्कळ जण तो बंद करून टाकतात. हे तू आधीच सांगून ठेवलंस तर ते घाबरणार नाहीत, बंदही करणार नाहीत.

पुढची गोष्ट त्या होस्टेलच्या मुलाला माहीत असती तर मामांचे पैसे कदाचित वाचले असते. व्हॉट्सअ‍ॅप बंद पडल्यावर तासाभराने त्याने ते पुन्हा चालू करून पाहिलं. नंबर टाकला, एसएमएस आला, कोड टाकला आणि पुढे पिन विचारला गेला. याने तर कधी पिन लावलाच नव्हता! चोराने खातं घेतल्याबरोबर स्वतःचा पिन लावून टाकला होता. ते असंच करतात. जे कुलूप तुम्ही लावलं नाही, ते चोर लावतो, आणि मग तुम्ही बाहेर. पिनची खिडकी बघून या मुलाने सोडून दिलं. त्याने मागे जाऊन अ‍ॅपच काढून टाकलं. त्याला वाटलं, पिन नाही म्हणजे काहीच करता येणार नाही.

पण तसं नाही. एसएमएसचा 6 आकडी कोड तुम्ही तुमच्या फोनवर टाकलात की चोराचा फोन त्या खात्यातून बाहेर पडतो, पुढचा पिन तुम्हाला माहीत असो वा नसो. पिन माहीत नसेल तर तुम्हालाही 7 दिवस वाट बघावी लागते, हे खरं. पण ते सात दिवस चोरही तुमच्या नावाने मेसेज टाकू शकत नाही. त्यामुळे खातं गेल्याचं कळल्याबरोबर पहिलं काम हेच: नंबर टाका, कोड टाका, चोराला बाहेर काढा. कोड पुन्हा पुन्हा मागवू नका. फार वेळा मागवला की व्हॉट्सअ‍ॅप काही तास थांबायला लावतं आणि तेवढा वेळ चोराला मिळतो. दुसरं काम साध्या फोनचं. घरी, मामांना, वर्गातल्या दोघा-तिघांना कॉल करून सांगा की माझ्या नावाने पैसे मागितले जातायत, देऊ नका, ग्रुपवर टाका.

आणि कुणी पैसे पाठवून बसलं असेल तर त्याने ताबडतोब सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करायचा. सकाळपर्यंत थांबायचं नाही, बँक उघडायची वाट बघायची नाही. पैसे ज्या खात्यात गेले तिथेच अडवून ठेवायचा प्रयत्न करता येतो, पण चोर ते मिनिटा-मिनिटाला पुढच्या खात्यात ढकलत असतो. तक्रार `cybercrime.gov.in` वरही नोंदवता येते. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम समोर ठेवायची. मामांनी दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला, तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं.

आता पिन काय करत नाही तेही प्रामाणिकपणे सांग, नाहीतर पोरं पिन लावून निर्धास्त होतील. व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या साधनावर जोडायची सोय आहे. आपण कॉम्प्युटरवर लावतो ना, तीच. तिथे क्यूआर स्कॅन करतात, किंवा 8 अक्षरांचा एक कोड फोनमध्ये टाकतात. या वाटेवर तुझा 6 आकडी पिन विचारला जात नाही. चोरांना हे ठाऊक आहे. “माझी भाची डान्सच्या स्पर्धेत आहे, तिला मत दे” अशी लिंक येते. लिंकमध्ये मोबाइल नंबर मागतात, मग एक कोड दाखवतात आणि तो व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाकून ‘मत नोंदवा’ म्हणतात. तो कोड टाकला की मत कुठेच जात नाही, चोराचा कॉम्प्युटर तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपला जोडला जातो. यात तुझ्या फोनवर सगळं नेहमीसारखं चालू राहतं, म्हणून लवकर लक्षात येत नाही. तपासायचं एकाच ठिकाणी: `Linked devices`. पिन लावून झाला की सगळ्यांना तिथे जायला सांग. यादीत अनोळखी काही दिसलं तर त्यावर बोट ठेवून `Log out`. सभागृहात एक-दोघांना तरी तिथे नेट कॅफेचा किंवा कॉलेजच्या लॅबचा कॉम्प्युटर सापडेल, महिन्यांपूर्वी प्रिंट काढायला जोडलेला आणि तसाच राहिलेला. सापडला तर त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घे. तुझ्या दहा वाक्यांपेक्षा ते लवकर पटेल.

जीमेलबद्दल कुणी विचारलंच तर थोडक्यात सांग. तिथेही टू-स्टेप आहे. एसएमएस कोडपेक्षा फोनच्या पडद्यावर ‘हे तुम्हीच आहात का’ असं विचारणारी सूचना जास्त भरवशाची. गुगलने 2019 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एका ठरावीक माणसावर नेम धरून केलेल्या हल्ल्यांपैकी एसएमएसच्या कोडने 76 टक्के अडले आणि पडद्यावरच्या सूचनेने 90 टक्के. जीमेलला टू-स्टेप लावलं की 10 बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. फोन हरवला तर तेच कामी येतात, म्हणून ते कागदावर उतरवून त्याच मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवायचे. यापेक्षा जास्त जीमेल तुझ्या 5 मिनिटांत बसणार नाही.

आता तुझ्या वडिलांकडे येऊ.

तू फोन करतेस, ते फडातून बाजूला येतात, चष्मा नसला तर शेजारच्याला वाचायला लावतात आणि सहा आकडे सांगतात. लेकीची शिष्यवृत्ती आहे, ते सांगणारच. त्यात त्यांची काही चूक नाही, तुझीही नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज आणि आधारला जोडलेला नंबर, सगळी व्यवस्थाच अशी की कोड एकाच्या फोनवर येतो आणि अर्ज दुसरीकडे भरला जातो. पण यातून त्यांना एक सवय लागली: कॉलेजच्या कामासाठी फोन आला की कोड वाचून दाखवायचा. उद्या दुसऱ्याच कुणाचा फोन आला, “तुमच्या मुलीच्या कॉलेजातून बोलतोय, शिष्यवृत्ती अडकली आहे, आत्ता एक नंबर आलाय बघा तो सांगा,” तर ते तुला सांगतात तसंच त्यालाही सांगतील. आणि तो कोड शिष्यवृत्तीचा नसेल, त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपचा असेल. मग मुकादमाच्या ग्रुपवर, टोळीतल्या लोकांना, भावकीला तुझ्या वडिलांच्या नावाने मेसेज: ‘पोरगी दवाखान्यात आहे, पैसे पाठवा.’ हे लोक किती पटकन पैसे गोळा करतील, ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस.

अशा घरात ‘कोड कुणाला सांगू नका’ हा सल्ला चालत नाही. ज्यांना रोज कोड सांगूनच कामं करून घ्यावी लागतात, त्यांना ‘सांगू नका’ म्हणून काय उपयोग? म्हणूनच पिन हवा. वडिलांच्या तोंडून एसएमएसचा कोड निसटला तरी पिनपाशी चोर अडतो. आणि मग त्यांना लक्षात ठेवायला सोपा नियम राहतो: मोबाइलवर आलेला कोड फक्त तुझा आवाज ओळखून, तुलाच सांगायचा, आणि आपण ठरवलेला पिन तुलाही फोनवर सांगायचा नाही.

भाषणात हे तुझ्या शब्दांत बोल. मी नमुना देते, पाठ करू नकोस:

“माझे वडील कारखान्यावर आहेत. माझा ओटीपी त्यांच्या फोनवर येतो आणि ते मला वाचून दाखवतात. तुमच्यातल्या किती जणांच्या घरी असंच होतं? हात वर करा. आता विचार करा, माझ्या आवाजाऐवजी दुसऱ्याच कुणी फोन केला आणि शिष्यवृत्तीचं नाव घेतलं, तर माझे वडील काय करतील? ते सांगतील. तुमचेही सांगतील. मग त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपला दुसरं कुलूप कुणी लावायचं? आपणच. आधी आपल्या फोनला लावू, आत्ता, मग रविवारी घरच्यांच्या. फोन काढा.”

हात वर करायला सांगितल्यावर घाई करू नकोस. पोरं एकमेकांकडे बघतील, हळूहळू हात वर जातील. तेवढी शांतता जाऊ दे. नंतर ‘फोन काढा’ म्हण आणि फळ्याकडे वळ.

वेळेचं गणित असं धर: होस्टेलच्या मुलाची घटना दीड मिनिट, कोड आणि पिन यातला फरक एक मिनिट, वडिलांचं अर्धं मिनिट, बाकी दोन मिनिटं पिन लावायला. दोन मिनिटं कमी पडतील, म्हणून प्रत्येक रांगेत एक मैत्रीण आधीच तयार ठेव, जिने स्वतः पिन लावलेला आहे. अडलेल्याला ती मदत करेल, पण आकडे टाकताना तोंड दुसरीकडे वळवेल. हे तिला आधी सांगून ठेव. फिंगरप्रिंटवाल्याला उत्तर द्यायचं, `Linked devices` दाखवायचं आणि 1930 सांगायचं, हे प्रश्नोत्तरांत घे. भाषणात कोंबू नकोस.

बुधवारच्या आत दोन कामं कर. आज रात्री स्वतःच्या फोनला पिन लाव, म्हणजे कुठे अडतं ते तुला कळेल. आणि वडिलांना फोन कर, ते कोपीवर परत येऊन निवांत टेकले असतील तेव्हा. फळ्यावर लिहायची ती ओळ त्यांना एकेक शब्द करून सांग. इंग्रजी वाचता येत नसेल तर टोळीतल्या एखाद्या शाळकरी लेकराला शेजारी बसव, त्याला दिसेल ते बोलायला लाव आणि कुठे दाबायचं ते तू सांग. सहा आकडे टाकायची वेळ आली की त्या लेकराला थोडं लांब जायला सांग. वडिलांनी ते स्वतः टाकू दे आणि आईच्या कानात सांगून ठेवू दे. तुला विचारायला लागले, “कोणते टाकले ते सांगू का?” तर नको म्हण.